पुराआधी की पुरानंतर? काळात मागेपुढे जाणारी गोष्ट आणि न हरवणारा प्रेक्षक

नारायण पेठेत आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या काकू राहायच्या. त्यांना गोष्ट सरळ सांगताच यायची नाही. लेकीच्या लग्नापासून सुरुवात करायच्या, मध्येच स्वतःच्या शाळेत जायच्या, तिथून थेट मागच्या महिन्यातल्या दवाखान्यात. तरी ऐकणारं कोणी कधी गोंधळलं नाही. कारण दर दोन-चार वाक्यांनी त्या एक शब्द टाकायच्या: "हे पुराच्या आधीचं हं." किंवा, "नाही गं, तेव्हा पूर होऊन गेलेला."

पूर म्हणजे पानशेतचा. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात तो दिवस मैलाच्या दगडासारखा रोवलेला आहे. साल विचारलं तर आठवणार नाही, पण पुराच्या आधीचं की नंतरचं हे विचारा, लगेच सांगतील.

मी एडिटर आहे. लघुपट कापते, कधी माहितीपट. 'काळात मागेपुढे जाणारी' गोष्ट घेऊन कोणी आलं की मला या काकू आठवतात. प्रेक्षकाच्या डोक्यात काळ कसा बसतो हे त्या काहीही न शिकता जाणत होत्या. प्रेक्षक तारखा लक्षात ठेवत नाही. तो एक मोठा बदल लक्षात ठेवतो आणि पुढे दिसणारा प्रत्येक प्रसंग त्या बदलाच्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवत जातो.

हे नीट उलगडायला एकच उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत तेच धरून राहते. दोन-तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या मुलांनी केलेला हा चोवीस मिनिटांचा लघुपट. पहिल्या कटमध्ये, म्हणजे पहिल्यांदा जोडून तयार केलेल्या आवृत्तीत, आम्ही त्यात सपशेल आपटलो होतो, म्हणून तो समजावायला बरा.

आधी त्यातली गोष्ट सरळ सांगते, घडली त्या क्रमाने. १९६१. सुमन अकरा वर्षांची. वडील पेटीवादक, शिकवण्या घेणारे. पुराची बोंब होते तेव्हा वडील तिला बजावतात, आधी खालच्या खोलीतल्या आजींना वर बोलाव. सुमन आधी पेटी ओढत जिन्यावर नेते. पेटी वाचते, पण एका कडेने भिजते आणि तिची एक पट्टी कायमची मुकी होते. खालच्या आजी सापडत नाहीत. १९७४. वाड्याची वाटणी. काका म्हणतो, पेटी पुरातून मी काढली, ती माझी. सुमन खरं काय ते बोलत नाही, पण पेटी देतही नाही. २०२२. वाडा पाडायचा ठरलाय, सामान आवरायचं आहे. सुमन आता बहात्तरची, लग्न केलेलं नाही. भावाची नात तिला विचारते, ही मुकी पट्टी तू दुरुस्त का करून घेतली नाहीस?

हा झाला घडलेला क्रम. पडद्यावरचा क्रम वेगळा: चित्रपट २०२२ मध्ये सुरू होतो, आणि पेटी, भिंत, जिना अशी एकेक वस्तू समोर आली की मागे जातो. एकूण एकोणीस सीन, त्यांतले नऊ आजचे, सहा पुराच्या दिवसाचे, चार वाटणीच्या संध्याकाळचे. गोष्ट अशी का सांगायची, सरळ का नाही? सरळ सांगितली तर पहिल्या आठ मिनिटांतच प्रेक्षकाला सगळं कळतं, आणि उरलेली सोळा मिनिटं तो एका म्हातारीला सामान बांधताना बघत बसतो. उलटसुलट सांगितली तर मुक्या पट्टीचं 'का' शेवटपर्यंत ताणता येतं. असं ठोस कारण सापडत नसेल तर गोष्ट सरळ सांगावी. नुसती हुशारी दाखवायला काळ कापलेला लगेच ओळखू येतो.

पहिला कट झाल्यावर आम्ही एक साधी परीक्षा घेतली. आठ जण बोलावले, ज्यांनी पटकथा वाचलेली नव्हती आणि शूटिंगलाही आले नव्हते. ही अट पक्की हवी. ज्याला गोष्ट माहीत आहे तो कुठेच हरवत नाही, त्यामुळे त्याचं मत या कामाला निरुपयोगी. दिग्दर्शकाचं तर सर्वांत निरुपयोगी. चित्रपट एकदा दाखवला, मध्ये थांबवला नाही. मग प्रत्येकाला एकोणीस पत्ते दिले, प्रत्येक पत्त्यावर एकेका सीनमधलं एक चित्र. आणि सांगितलं, हे प्रसंग जसे घडले असतील तसे ओळीत लावा.

"समजलं का?" असं विचारायचं नाही. माणसं भिडस्त असतात, हो म्हणतात. पत्ते भीड धरत नाहीत.

आठांपैकी पाच जणांनी एकच चूक केली होती. वाटणीच्या संध्याकाळचा एक सीन, ज्यात काका कंदिलाच्या उजेडात पेटी उघडून बघतो, तो त्यांनी पुराच्या रात्रीत नेऊन ठेवला. आणि त्यामुळे पुढचं सगळंच बिघडलं. त्यांना वाटलं, काकानेच पुरात पेटी वाचवली. म्हणजे जे खोटं आम्ही शेवटी उघड करणार होतो, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं 'खरं' म्हणून धरलं होतं. शेवट आला तेव्हा ते चकित झाले नाहीत, वैतागले.

असं का झालं हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. कारण अगदी साधं निघालं. दिग्दर्शकाला कंदील फार आवडायचा. वाटणीच्या सीनमध्ये वीज गेलेली आहे असं त्याने लिहिलं होतं, म्हणून कंदील. आणि पुराच्या रात्रीही कंदीलच, कारण तेव्हा वीज नव्हतीच. शिवाय दोन्ही काळांना आम्ही तोच तपकिरी, जुन्या फोटोसारखा रंग दिला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रेक्षकाच्या डोक्यात 'जुना काळ' नावाचा एकच ढीग असतो. नऊवारी, कंदील, पितळी डबे, तपकिरी उजेड, सगळं त्याच ढिगात पडतं. १९६१ आणि १९७४ यांत तेरा वर्षांचं अंतर आहे हे लेखकाला माहीत असतं. प्रेक्षकाला दोन्हीकडे फक्त 'पूर्वी' दिसतं. म्हणून एकच भूतकाळ असेल तर तो आजपासून वेगळा दिसला की पुरतं. दोन भूतकाळ आले की खरं कष्टाचं काम म्हणजे त्या दोघांना एकमेकांपासून वेगळं करणं. आम्ही सगळी मेहनत जुनं आणि आजचं वेगळं करण्यात घातली, जिथे गोंधळ व्हायचं काही कारणच नव्हतं. मोबाइल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या बघून आजचा काळ कोणालाही कळतो.

सगळ्यांच्या मनात येणारा पहिला उपाय आम्हीही केला: पडद्यावर साल लिहिलं. '१९७४'. त्याने थोडं सुधारलं, पण थोडंच. साल वाचलं की प्रेक्षकाला वजाबाकी करावी लागते. चौऱ्याहत्तर म्हणजे सुमन किती वर्षांची, पुराला किती वर्षं झाली, वडील असतील का? तो हे गणित करत असताना समोर काका दोन वाक्यं बोलून मोकळा होतो आणि ती दोन वाक्यं जातात. तिसऱ्या-चौथ्या उडीनंतर तर प्रेक्षक आकडा वाचतच नाही. मग काकूंची आठवण झाली आणि पाटी बदलली: 'पुरानंतर तेरा वर्षांनी'. एवढ्याने बराच फरक पडला. ही पाटी आम्ही त्या काळाच्या पहिल्या सीनवर, एकदाच ठेवली. पुढे पाटीवाचून चाललं नाही तर दोष पाटीचा नसून सीनचा आहे, असं मी समजते.

मग सीन पाटीवाचून कसा ओळखू येतो? या लेखात मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. प्रत्येक सीनमध्ये एक अशी गोष्ट असू द्या, जी एकाच दिशेने बदलते आणि परत मूळपदावर येत नाही. फुटलेली बशी, वाढलेलं झाड, पडलेला दात, पुसलेलं कुंकू. दिवस-रात्र, पाऊस, कंदील, साडीचा रंग या गोष्टी मागेपुढे होतात, त्यांच्यावरून क्रम लागत नाही. कंदील पुरातही असतो आणि तेरा वर्षांनंतर वीज गेल्यावरही. पण पुराच्या पाण्याची भिंतीवर उमटलेली रेघ पुराच्या आधी कधीच असू शकत नाही. प्रेक्षकाला ती रेघ दिसली की डोकं न खाजवता त्याला कळतं, आपण पलीकडे आहोत. मी याला आपलं 'न उलटणारं घड्याळ' म्हणते. धंद्यातला शब्द नाही हा, माझाच.

आमच्याकडे अशी दोन घड्याळं आयतीच होती आणि आम्ही ती वापरलीच नव्हती. पहिलं म्हणजे खालच्या खोलीची भिंत. पुराआधी पांढऱ्या चुन्याची, स्वच्छ. पुरानंतर दाराच्या चौकटीच्या वर गाळाची रेघ. वाटणीच्या वेळी रेघ फिकी, पण तिच्या खालचा गिलावा फुगून पोपडे सुटलेले. आणि आज त्यावर ऑइलपेंट, पण रेघेच्या खाली रंग टिकत नाही म्हणून तिथे वेगळाच पट्टा. एकाच भिंतीच्या या चार अवस्था. पहिल्या कटमध्ये भिंत चारही अवस्थांत होती, पण माणसांच्या पाठीमागे, धूसर. आम्ही अर्ध्या दिवसाचं शूटिंग पुन्हा केलं आणि प्रत्येक काळात शिरताना कॅमेरा आधी भिंतीवर ठेवला, मग माणसावर आणला. वाडा तेव्हा पाडायला आलाच होता, त्यामुळे भिंत हवी तशी रंगवायला मालकांनी हरकत घेतली नाही. दोन महिन्यांनी तिथे भिंतच नव्हती.

दुसरं घड्याळ कानाचं, आणि ते भिंतीपेक्षाही भारी निघालं. पेटीची पांढरी चारची पट्टी पुरात मुकी झाली. म्हणजे ती पट्टी दाबल्यावर सूर वाजला तर आपण पुराआधी आहोत. नुसती खट्ट झाली आणि भात्याची हवा फुसकन गेली तर नंतर. पहिल्या कटमध्ये काका कंदिलाच्या उजेडात पेटी उघडतो, पण वाजवत नाही. नव्या कटमध्ये तो सरगम वाजवतो आणि पांढरी चारवर अडखळतो. शॉट जवळजवळ तोच, उजेड तोच, कंदीलसुद्धा तोच (दिग्दर्शकाने सोडला नाही). तरीही पुन्हा पत्ते लावून घेतले तेव्हा तो सीन कोणीही पुरात ठेवला नाही.

मात्र घड्याळ वापरण्याआधी ते शिकवावं लागतं. पट्टी मुकी झाली हे प्रेक्षकाला ठाऊकच नसेल तर खट्ट आवाजाला काही अर्थ नाही. म्हणून चित्रपटाच्या तिसऱ्याच मिनिटाला, आजच्या काळात, नात सहज पेटी वाजवते, सूर अडतो आणि ती म्हणते, "आत्याआजी, ही पट्टी मेलीये." लगेच पहिली उडी १९६१ च्या सकाळी: वडील तीच सरगम वाजवतायत आणि सगळे सूर लागतात. दोन सीन मिळून नियम शिकवून झाला. पहिली उडी ही नेहमी सर्वांत सोपी, सर्वांत ठसठशीत ठेवावी. तिच्यातून प्रेक्षक तुमची भाषा शिकतो. पहिल्याच उडीत चकवा दिला तर पुढे तो प्रत्येक कटकडे संशयाने बघतो आणि गोष्ट बघायची राहून जाते.

त्याच कारणाने पहिली उडी मारायच्या आधी आजच्या काळात पुरेसं थांबायला हवं. आम्ही पहिल्या कटमध्ये चाळीस सेकंदांत मागे गेलो होतो. मुलांना वाटलं, जोरदार सुरुवात. पण प्रेक्षकाला अजून 'घर' मिळालंच नव्हतं; मग परतायचं कुठे? अनेक काळांच्या गोष्टीत एक काळ मुक्कामाचा हवा. बाकीचे काळ म्हणजे तिथून केलेल्या फेऱ्या. नव्या कटमध्ये आजचा काळ सलग तीन मिनिटं चालतो, आणि पुढे पुरातून वाटणीत थेट उडी कुठेच नाही. दर वेळी मध्ये आज येतो, कधी फक्त दहा सेकंद: नात दोरी बांधतेय, आत्याआजी बघतेय. तो थांबा कंटाळवाणा वाटेल अशी भीती होती. उलट त्याने श्वास मिळाला.

आणखी एक शिस्त आम्ही पाळली, ती वरकरणी बंडखोरीच्या विरुद्ध वाटते: प्रत्येक काळ स्वतःपुरता सरळ पुढे जातो. पुराचा दिवस सकाळी सुरू होतो. त्याच्या प्रत्येक फेरीत पाणी आधीच्या फेरीपेक्षा वर चढलेलं असतं. वाटणीची संध्याकाळ चहाने सुरू होते आणि जेवणं झाल्यावर संपते. धागे तीन, पण प्रत्येक धागा सरळ. प्रेक्षकाला तीन पुस्तकं आलटूनपालटून वाचल्यासारखं होतं, प्रत्येकात खूण घातलेली. यातल्या एखाद्या धाग्यातही मागेपुढे उडी मारली की प्रेक्षकाला दोन प्रश्न एकदम पडतात, कोणता काळ आणि त्या काळातली कोणती वेळ, आणि तिथे बहुतेक जण हात टेकतात.

उलट्या क्रमाचंही तसंच आहे. २००० साली आलेल्या 'मेमेंटो'मध्ये रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात. पण प्रत्येक रंगीत प्रसंगाचा शेवट हा आधी दाखवलेल्या प्रसंगाच्या सुरुवातीपाशी येऊन मिळतो, आणि ते काही क्षण आपल्याला पुन्हा दिसतात. ओळखीचा क्षण दिसला की प्रेक्षकाला कळतं, जोड इथे आहे. मधले कृष्णधवल प्रसंग मात्र सरळ पुढे जातात. म्हणजे एवढ्या गुंतागुंतीच्या रचनेतही नियम एकच, आणि तो कुठेही मोडलेला नाही.

आता सांध्याबद्दल, कारण एडिटर म्हणून माझा जीव तिथेच अडकलेला असतो. नव्या काळात शिरल्यावर प्रेक्षकाचा पहिला प्रश्न 'कधी?' असतो, 'काय?' नंतर. 'कधी'चं उत्तर मिळेपर्यंत त्याचा कान बंद असतो असं समजा. म्हणून उडीनंतरच्या पहिल्या तीन-चार सेकंदांत महत्त्वाचं वाक्य ठेवायचं नाही. आमच्याकडे वडिलांचं ते कळीचं वाक्य, "आधी आजींना वर बोलाव", कट झाल्या झाल्या होतं. आठांपैकी तिघांना ते ऐकल्याचंही आठवत नव्हतं! सगळ्या गोष्टीचा खिळा त्या वाक्यात, आणि तेच वाहून गेलेलं. आम्ही ते वाक्य हलवलं नाही. फक्त त्याच्या आधी भिंत, मग पेटी, मग वडील असं चार सेकंदांचं अंतर घातलं.

पुढच्या सीनचा आवाज चित्राच्या आधी सुरू करणं ही जुनी युक्ती. आजच्या खोलीचं चित्र, आणि वर पुराच्या पाण्याचा आवाज चढू लागतो. सेकंदभराने, म्हणजे चोवीस फ्रेमनी, चित्र बदलतं. छान सांधा होतो, पण आवाज कोणत्या काळाचा हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तरच. पाण्याचा घोंघाट चालतो, पेटीचा न अडणारा सूर चालतो. एखाद्या अनोळखी बाईचा आवाज चालत नाही; प्रेक्षक त्या बाईला आजच्याच खोलीत शोधत बसतो.

आणखी एक गोंधळ निघाला तो आपल्या मराठी नात्यांमुळे. पहिल्या कटमध्ये दोन आज्या होत्या. पुरात बुडणाऱ्या त्या 'खालच्या आजी', आणि आज नात जिला हाक मारते ती सुमनही 'आजी'. एका प्रेक्षकाला वाटलं, आजी पुरात वाचली आणि आज बहात्तरची झाली! त्याचं काय चुकलं? हाक तीच होती. मग खालच्या आजींना आम्ही गोदाबाई केलं. ते वाक्यही "आधी गोदाबाईंना वर बोलाव" असं झालं. आणि सुमनला प्रत्येक काळात वेगळी हाक दिली. पुराच्या दिवशी वडील "सुमे" म्हणतात, वाटणीला धाकटा भाऊ "ताई" म्हणतो, आज नात "आत्याआजी" म्हणते. सुमनच्या भूमिकेत तीन वेगळ्या नट्या आहेत, तिघींचे चेहरे काही जुळत नाहीत. पण प्रत्येक काळाच्या पहिल्या दोन वाक्यांत हाक आली की वय आणि काळ दोन्ही एकदम कळतात, आणि संवादात ते मुद्दाम घातल्यासारखंही वाटत नाही. आपल्या भाषेत ही सोय फुकट मिळते, वापरायला हवी. नवऱ्याच्या घरी गेलेली सुमन असती तर 'वहिनी' आणि 'काकू' हे आणखी दोन टप्पे मिळाले असते.

तिघींना जोडायला एक लकब दिली: बोलायला लागण्याआधी डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरणं. लकब बारीक होती, कोणी पकडली असेल असं वाटत नाही. हाकेने काम केलं.

रंगमंचावर हे सगळं वेगळ्या वाटेने करावं लागतं. भारत नाट्य मंदिरात एकांकिका बघताना हे बरेचदा जाणवतं. तिथे कट नाही, जवळून दाखवता येत नाही, भिंतीचे पोपडे दहाव्या रांगेला दिसत नाहीत. मग काळाला जागा द्यावी लागते. समजा, प्रेक्षकाच्या डावीकडे आज, उजवीकडे पूर. ही वाटणी पहिल्या दहा मिनिटांत मोडली नाही की नट नुसता चार पावलं चालून एकसष्टात पोचतो आणि कोणाला पाटी लागत नाही. आणि एकदा ती पक्की बसली की शेवटी म्हातारी सुमन उजवीकडे जाऊन त्या अकरा वर्षांच्या मुलीसमोर उभी राहू शकते. नियम मोडल्याचाच तिथे परिणाम होतो. प्रकाशाचा रंग मात्र एकट्याने हे काम करू शकत नाही. निळा प्रकाश म्हणजे रात्र, स्वप्न की भूतकाळ, हे तीन नाटकांत तीन तऱ्हांनी पाहिलंय.

मुलं पुन्हापुन्हा एक शंका काढायची: एवढं सगळं स्पष्ट केलं तर गूढ कुठे राहिलं? शंका रास्त आहे, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. 'का' लपवा, 'काय झालं' अर्धं लपवा, 'कोणी केलं' लपवा. 'कधी' लपवू नका. पट्टी मुकी का राहू दिली हे प्रेक्षकाला तेविसाव्या मिनिटापर्यंत कळत नाही आणि तो आनंदाने थांबतो. पण समोरचा प्रसंग पुराआधीचा की नंतरचा हे कळलं नाही, तर तो तीस सेकंदांत गोष्टीतून बाहेर पडून कोडं सोडवू लागतो. काही चित्रपट मुद्दाम 'कधी' लपवतात आणि शेवटी फोडतात. तो वेगळा डाव आहे. तिथेही न उलटणारं घड्याळ प्रत्येक सीनमध्ये उघड्यावर ठेवलेलं असावं लागतं, म्हणजे दुसऱ्यांदा बघताना प्रेक्षक स्वतःवर चिडतो, तुमच्यावर नाही.

यालाही मर्यादा आहेत. चोवीस मिनिटांत तीन काळ ही आमची हद्द होती. मूळ पटकथेत चौथा होता, वडिलांच्या आजारपणाचा, दीड मिनिटाचा. त्याच्यासाठी ना वेगळं घड्याळ होतं, ना प्रेक्षकाला तो शिकवायला वेळ. काढून टाकला. शिवाय काळ शिळाही होतो. वाटणीचा धागा मध्ये सात मिनिटं आला नव्हता. परत आला तेव्हा पत्त्यांत दोघांनी तिथे घोळ घातला. मग तिकडे परतताना भिंतीचा शॉट दीड सेकंदाने वाढवला आणि भावाच्या तोंडी पुन्हा एकदा "ताई" घातलं.

दुसऱ्या कटला नवे आठ जण बोलावले. जुने चालले नसते, त्यांना गोष्ट आता माहीत होती. सात जणांचे एकोणीसच्या एकोणीस पत्ते बरोबर लागले. आठवे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी अठरा पत्ते लावले आणि एक हातात धरून बसले. जिन्याचा शॉट होता तो: रिकामा जिना, खालून येणारा उजेड, चार सेकंद. ना माणूस, ना भिंत, ना आवाज. "हा कधीचाही असेल," ते म्हणाले.

बाकी सात जणांनी तो बरोबर लावला होता, पण विचारल्यावर कळलं की त्यांतल्या चौघांनी अंदाजच बांधला होता. कॅमेरामनचा तो सर्वांत लाडका शॉट. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, सुंदर आहे. मी त्याच्यावर पांढरी चारचा सूर टाकून बघितला, लांबून, खालच्या मजल्यावरून आल्यासारखा. सूर पूर्ण वाजतो, म्हणजे अजून पूर आलेला नाही. शॉट राहिला.